गर्दीतलं एकटेपण चौदा ओळींत: सुनीत कार्यशाळेसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या सर्जनशील लेखन कार्यशाळेत यंदा सगळ्यांना एकच काम दिलं आहे: गर्दीच्या शहरातल्या एकटेपणावर एक सुनीत लिहायचं. काम दिल्यापासून डिचोली, पेडणे, फोंडा, म्हापसा अशा सगळीकडून प्रश्न येत आहेत, आणि त्यातले बरेच पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न पहिल्यांदाच सुनीत लिहिणाऱ्यांचे आहेत. पुढचे प्रश्न पहिला खर्डा झालेल्यांचे आहेत.

१. सुनीत म्हणजे चौदा ओळींची कविता, एवढंच ना?

चौदा ओळी ही बाहेरची खूण झाली. तेवढ्यावर कविता सुनीत होत नाही. आत दोन असमान भाग असतात, आधी आठ ओळींचं अष्टक आणि नंतर सहा ओळींचं षटक. या दोहोंच्या सांध्यावर कविता वळते, आणि त्या वळण्याला आपण कलाटणी म्हणतो. हा आकार तेराव्या शतकात इटलीत घडला. पुढे इंग्रजीत त्याची दुसरी मांडणी रूढ झाली: चार-चार ओळींचे तीन गट आणि शेवटी दोन ओळींचं यमक जुळणारं युग्मक. मराठीत केशवसुतांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रकार आणला. त्यांनी त्याला ‘चतुर्दशक’ म्हटलं, सुनीत हे नाव नंतर रुळलं. मराठी कवींनी दोन्ही मांडण्या वापरल्या आणि त्यांची सरमिसळही केली, म्हणून ‘शुद्ध’ प्रकार कोणता यावर वेळ घालवू नका.

या विषयासाठी हा आकार मुद्दाम निवडला आहे. आठ ओळी गर्दीला मिळतात आणि सहा माणसाला. गर्दीच्या वाट्याला जागा जास्त येते, आणि तिच्यातून माणसाला स्वतःसाठी कमी जागेत वाट काढावी लागते. हे असमान वाटप विषयाच्या स्वभावाशी जुळतं.

२. पणजी काय मोठं शहर? ‘गर्दीचं शहर’ म्हटलं की मुंबईवरच लिहायला नको का?

मुंबईत राहिला असाल तर जरूर लिहा. नसाल, तर लोकलची गर्दी तुम्ही सिनेमातून उचलाल आणि ते वाचणाऱ्याला कळेल. सुनीताला लाखो माणसं लागत नाहीत. दोन अनोळखी अंगं एकमेकांना टेकलेली आहेत आणि तरी एकमेकांशी त्यांचं काही नातं नाही, एवढी गर्दी पुरते. ती संध्याकाळी सहाला पणजीच्या बसस्टँडवर असते, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असते, बेतीच्या फेरीबोटीत असते.

गोव्यातल्या एकटेपणाचा एक वेगळा पैलूही आहे, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. गावात ‘तू कुणाचा?’ हा प्रश्न पहिल्या वाक्यातच येतो. सत्तरीतून पणजीत नोकरीला आलेल्या मुलाला तो प्रश्न महिनोन्‌महिने कुणी विचारत नाही. रोज तेच चेहरे दिसतात, पण ओळख होत नाही. हे इथलंच आहे. त्यावर लिहिलंत तर उसनं काही घ्यावं लागणार नाही.

कार्निव्हल आणि शिगमो यांच्याबद्दल मात्र सावध राहा. मिरवणूक, रंग, ढोल आणि त्यात उभा एक उदास माणूस, असे खर्डे ढिगाने येतात. त्यातली मिरवणूक जाहिरातीतली असते, म्हणून उदासपणाही खोटा वाटतो. मिरवणुकीवर लिहायचंच असेल तर ती संपल्यानंतर रस्ता झाडणाऱ्याच्या जागी उभं राहून पाहा.

३. शहर एवढं मोठं, ओळी चौदा. काय घ्यायचं आणि काय सोडायचं?

एक जागा घ्या, एक वेळ घ्या आणि शक्यतो एकच घडामोड घ्या. बाजार, समुद्र, कार्यालय, भाड्याची खोली आणि गावची आठवण असं सगळं आलं की प्रत्येकाला दोन-तीन ओळी मिळतात आणि कविता यादी होते. पणजी ते म्हापसा हा तेराएक किलोमीटरचा बसप्रवास सुनीताला पुष्कळ आहे.

लिहिण्याआधी त्या जागी जाऊन गद्यात टिपणं काढा. टिपणात भावना नकोत. अंगाला काय जाणवलं, कानाला काय ऐकू आलं एवढंच लिहा. पणजी-म्हापसा शटल बससाठी केलेली अशी टिपणं पुढे दिली आहेत, खालचं सुनीत त्यातूनच आलं आहे: ‘बस भरल्याशिवाय सोडत नाहीत. मागच्याचा श्वास मानेवर. सुटे पैसे खिशात वाजतात. एक बाई फोनवर मुलाला भात लावायला सांगते, सगळ्यांना ऐकू जातं. पुलावर दिवे. बाजूची बाई झोपली, डोकं खांद्यावर. पर्वरी गेली. गिरीची शेतं अंधारात. म्हापशाला ती सॉरी म्हणून उतरली.’ यातला ‘डोकं खांद्यावर’ हा तुकडा बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे. बाकी सगळं गर्दीचं आहे, तिथे मात्र गर्दीतलं एक माणूस वेगळं होतं. कलाटणी कुठे येणार हे टिपणातच दिसतं. ते शोधण्यासाठीच टिपणं काढायची.

४. एक पूर्ण उदाहरण दाखवा ना!

हे याच पानासाठी रचलं आहे. वृत्त भुजंगप्रयात. पुढच्या बहुतेक उत्तरांत याच ओळींचा आधार घेतला आहे.

मला म्हापशाला असे रोज जाणे,
भरेतो सुटे ना; उभी रांग सारी;
खिशाच्या तळी वाजते एक नाणे,
पुढे पाठ, मानेवरी श्वास भारी.
कुणी सांगते ओरडूनी मुलाला,
“जरा भात टाकून ठेवून दे ना”;
दिवे लागले मांडवीच्या पुलाला,
कुणाचा कुणा चेहरा आठवेना.

कुणी बाजुची पेंगते, आणि डोई
हळू येत खांद्यास माझ्याच लागे;
मला हालवेना, तसा त्रास होई,
सरे पर्वरी, आणि शेतेहि मागे.
उठे, “सॉरि” बोलून गर्दीत गेली;
अजूनी तशी मान मी ठेवलेली.

यमकाची मांडणी इंग्रजी पद्धतीची आहे. चौकडीत एकाआड एक यमक येतं आणि शेवटी युग्मक. कलाटणी मात्र इटालियन जागी, म्हणजे नवव्या ओळीवर आहे. ही सरमिसळ का केली ते प्रश्न ६ मध्ये आहे.

५. कलाटणी म्हणजे ‘पण’ किंवा ‘तरीही’ने सुरू होणारी ओळ का?

शाळेत तसं शिकवतात, आणि वादविवादाच्या सुनीतात ते चालतं. एकटेपणाच्या कवितेत ‘पण’ आला की बहुधा विधान येतं: ‘एवढी माणसं, पण मी एकटा.’ हे वाचणाऱ्याला कविता उघडण्याआधीपासून माहीत असतं.

वरच्या नवव्या ओळीत ‘पण’ नाही, एक घटना आहे. तिच्याआधी ‘कुणी’ हा शब्द दोन ठिकाणी आला. पाचव्या ओळीतली ‘कुणी’ ओरडणारी आहे, आठव्यातले ‘कुणाचा कुणा’ बिनचेहऱ्याचे आहेत. नवव्या ओळीत तोच ‘कुणी’ पुन्हा येतो, पण आता त्याला वजन आहे आणि ते वजन खांद्यावर आलं आहे. शब्द तोच राहतो आणि त्याचा अर्थ बदलतो. कलाटणीचं काम तिथे झालं.

त्यानंतर बोलणारा काय करतो हे महत्त्वाचं. तो काहीच करत नाही. त्रास होतो तरी हलत नाही. का हलत नाही, हे कविता सांगत नाही आणि सांगूही नये. दिवसभरात, कदाचित कितीतरी दिवसांत, कुणी त्याला टेकलेलं नाही, हे वाचणाऱ्यानं स्वतः ओळखायचं. ते त्यानं ओळखलं की एकटेपण त्याचं होतं. ओळीत सांगून टाकलं तर त्याला करायला काही उरत नाही.

आपल्या खर्ड्यात कलाटणी आली की नाही हे तपासायला दोन गोष्टी करा. आठवी आणि नववी ओळ यांची अदलाबदल करून वाचा. अर्थ तसाच राहिला तर वळण नाही. मग पहिल्या आठ ओळी वाचून थेट तेराव्या ओळीवर जा. तरीही कविता नीट समजली, तर मधल्या चार ओळी नुसत्या बसून आहेत. वरच्या उदाहरणात तसं केलंत तर ‘सॉरि’ कशाबद्दल ते कळणार नाही. म्हणजे त्या ओळी लागतात.

६. माझी कलाटणी तेराव्या ओळीवर येते. चालेल?

आकाराच्या दृष्टीने चालेल, इंग्रजी मांडणीत ती तिथेच येण्याची रीत आहे. या विषयासाठी मात्र मी ती जागा टाळायला सांगेन. वळायला दोनच ओळी उरल्या की त्यांत घटना मावत नाही, फक्त तात्पर्य मावतं. त्यामुळे बारा ओळी गर्दी आणि शेवटी एक सुविचार असे खर्डे तयार होतात. युग्मकाचं जुळं यमक तर सुविचाराला आणखीच बोलावतं, कारण दोन ओळी एकत्र वाजल्या की त्या म्हणीसारख्या ऐकू येतात.

म्हणून उदाहरणात युग्मक ठेवलं, पण त्याच्याकडून घटना संपवण्याचंच काम घेतलं. बाई उतरून गेली, मान तशीच राहिली. कल्पना करा की शेवटची ओळ अशी असती: ‘किती माणसे, मी तरी एकटा हा’. ती वृत्तात चोख बसते. तरी कविता तिथे पडते, कारण पहिल्या आठ ओळींनी जे दाखवलं तेच ती पुन्हा बोलून दाखवते. ‘मान मी ठेवलेली’ मात्र चौथ्या ओळीतल्या मानेकडे नेते. रांगेत त्याच मानेवरचा अनोळखी श्वास जड वाटत होता. आता अनोळखी डोक्यासाठी वाकलेली मान सरळ करवत नाही. वळण पूर्ण झालं आहे की नाही, हे अशा एकाच अवयवावरून किंवा वस्तूवरून कळतं.

कलाटणी सातव्या ओळीवर येत असेल तर बहुधा गर्दी कमी पडली आहे. आणखी एक ठोस तपशील घाला, ती आपोआप खाली सरकेल.

७. मग ‘एकटा’ हा शब्द वापरायचाच नाही का?

बंदी नाही. पण सगळ्यात आधी त्याच्यावरच संशय घ्या. भुजंगप्रयातात ‘एकटा’ अतिशय सहज बसतो, त्यामुळे ओळ अडली की हात आपोआप त्याच्याकडे जातो. ‘एकाकी’ची तिन्ही अक्षरं गुरू, म्हणजे लांब उच्चाराची, असल्यामुळे तो या वृत्तात बसतच नाही, ते एका परीने बरंच आहे.

शब्द वापरायचाच असेल तर तो दुसऱ्या कुणाच्या तोंडी किंवा व्यवहाराच्या अर्थी आणा. तिकीट खिडकीवरचा माणूस विचारतो, ‘एकटेच?’ आणि त्याला फक्त तिकिटं मोजायची असतात. तिथे शब्द आपलं काम करतो आणि भावनेचा बोजा वाचणाऱ्याकडे जातो.

८. शार्दूलविक्रीडित मला झेपत नाही. दुसरं वृत्त घेतलं तर सुनीत राहील ना?

राहील. मराठी सुनीतं बरीचशी शार्दूलविक्रीडितात आहेत, कारण एकोणीस अक्षरांच्या ओळीत विचार ऐसपैस मावतो. पण पहिल्यांदा लिहिणाऱ्याची सगळी ताकद अक्षरं जुळवण्यातच जाते आणि ओळीत ‘अहा’, ‘खचित’, ‘हो’ असले भरणीचे शब्द शिरतात.

भुजंगप्रयात सुचवायचं कारण असं की तुमच्या कानाला ते आधीच माहीत आहे. मनाचे श्लोक त्याच वृत्तात आहेत आणि गोव्यातल्या मराठी घरांत ते लहानपणीच पाठ होतात. एका ओळीत बारा अक्षरं असतात आणि ‘लगागा’ चार वेळा येतो: एक लघू, म्हणजे आखूड अक्षर, आणि दोन गुरू. उदाहरणातली पहिली ओळ फोडून पाहा:

म-ला-म्हा | प-शा-ला | अ-से-रो | ज-जा-णे

अडचणही सांगतो. हे वृत्त एकसारख्या पावलांनी चालतं. दुःखाच्या ओळी त्यात श्लोकासारख्या ठाम वाटू शकतात. म्हणून वाक्य ओळीच्या शेवटाशीच संपवू नका. ‘आणि डोई’वर ओळ संपते, पण वाक्य पुढच्या ओळीत जातं, त्यामुळे डोकं कलतानाची ती वेळ कानाला जाणवते. सगळ्या ओळी शेवटाला बंद होत असतील तर तुमच्या खर्ड्यात निदान एक ओळ अशी मोकळी सोडा, आणि ती कलाटणीजवळ सोडा.

९. ‘शहर’ हा शब्द ओळीत बसेना. मी मोजताना कुठे चुकतो?

तुम्ही बोलण्यातले उच्चार मोजता आहात. बोलताना आपण ‘शहर’ दोन झटक्यांत म्हणतो, अखेरचा अ गिळतो. अक्षरगणवृत्तात लिहिलेलं प्रत्येक अक्षर पूर्ण म्हणायचं असतं, म्हणून श-ह-र हे तीन लघू होतात. भुजंगप्रयातात दोन लघू शेजारी येतच नाहीत, त्यामुळे ‘शहर’ कुठेही बसणार नाही. ‘पणजी’ही बसत नाही, कारण तिच्यात प आणि ण हे दोन लघू लागोपाठ आहेत. मडगावचंही तेच. म्हापसा, डिचोली, पेडणे, मांडवी, पर्वरी मात्र सुरळीत बसतात. उदाहरणात पणजीचं नाव नाही आणि सुरुवात ‘मला म्हापशाला’ अशी आहे, त्याचं एक कारण हे आहे. दुसरं कारण असं की घरी परतणारा माणूस जिथून निघतो त्या गावाचं नाव घेत नाही, जिथे जायचं तेच सांगतो.

जोडाक्षराचा नियमही इथेच सांगतो. जोडाक्षराच्या आधीच्या ऱ्हस्व अक्षरावर आघात येत असेल तर ते गुरू होतं: ‘गर्दी’तला ग गुरू. आघात येत नसेल तर लघूच राहतं: ‘तुझ्या’तला तु, ‘उन्हात’तला उ. शंका आली तर कागदाकडे पाहू नका, शब्द मोठ्याने म्हणा. ओठ अडखळले तर गुरू.

१०. वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घ किती बदलता येतं? आणि ‘लागे’, ‘होई’ असली जुनी रूपं आज चालतात का?

सूट आहे, पण तिचा हिशेब ठेवा. उदाहरणात ‘बाजूची’चं ‘बाजुची’, ‘शेतेही’चं ‘शेतेहि’ आणि ‘सॉरी’चं ‘सॉरि’ केलं आहे. चौदा ओळींत तीन जागा कानाला खटकत नाहीत. प्रत्येक ओळीत एक असेल तर शब्द बदला, वेलांटी बदलू नका.

जुन्या क्रियापदांबद्दल माझं मत सरळ आहे: ‘लागे’, ‘सरे’, ‘उठे’ ही रूपं मराठी पद्याला अजून शोभतात, कारण आपण ती अभंगांतून आणि आरत्यांतून ऐकत असतो. ‘ओरडूनी’ आणि ‘अजूनी’ यांची बाजू तेवढी भक्कम नाही. तिथे ‘नी’ मात्रा भरायला आला आहे, हे जाणकाराला दिसेल. तुम्हाला त्या जागी चांगलं सुचलं तर ते घ्या. ‘मज’, ‘तव’, ‘हृदयी’, ‘सखे’ यांना मात्र शटलमध्ये जागा देऊ नका. ज्या ओळीत बाई मुलाला भात टाकायला सांगते तिच्या शेजारी ते शब्द टिकणार नाहीत.

११. यमक जुळतं, तरी कविता बाळबोध वाटते. का?

बहुतेक वेळा यमक क्रियापदाच्या प्रत्ययावर असतं म्हणून. ‘जातो, येतो, पाहतो, राहतो’ ही यमकं मराठीत फुकट मिळतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला त्यांत काही सापडल्याचा आनंद होत नाही. दोन वेगळ्या जगांतले शब्द भेटू द्या. ‘मुलाला’ आणि ‘पुलाला’ हे दोन नामांचं यमक आहे, आणि त्यामुळे घरात भात टाकणारा मुलगा आणि मांडवीवरचे दिवे विनासायास शेजारी आले. यमकातून असा एखादा अर्थ निघाला तर ते ठेवण्याजोगं. ‘डोई’ आणि ‘होई’ त्याहून कमी प्रतीचं, पण नाम आणि क्रियापद असल्यामुळे चालून जातं.

१२. कोकणी शब्द घातले तर परीक्षक मराठी म्हणून धरतील का? आणि इंग्रजी?

धरतील. आपल्यातले अनेक जण घरी कोकणी बोलतात आणि लिहितात मराठीत. कवितेत ते दिसलं तर ते खरंच आहे. फक्त एक पथ्य पाळा: एका माणसाचं एक वाक्य एका भाषेत ठेवा. सहाव्या ओळीत ‘भात’च्या जागी ‘शीत’ वृत्तात अगदी बरोबर बसतो. तरीही तो घेतला नाही, कारण ‘जरा शीत टाकून ठेवून दे ना’ असं वाक्य कुणीच बोलत नाही. घ्यायचं तर सगळं वाक्य कोकणी घ्यावं, नाहीतर सगळं मराठी. नुसता एक शब्द टाकला की तो गोव्याची सजावट म्हणून टाकल्यासारखा दिसतो.

इंग्रजीला हीच कसोटी लावा. झोपेतून दचकून उठलेली बाई आज ‘सॉरी’च म्हणते, ‘क्षमा करा’ म्हणत नाही. अनोळखी माणसाशी तिचा सगळा संवाद त्या एका शब्दात संपतो, म्हणून तो तिथे हवाच.

१३. उदाहरणातला बोलणारा पुरुष आहे की बाई? त्याने काही फरक पडतो का?

ओळींत कुठेही लिंग कळत नाही, आणि ते मुद्दाम केलं आहे. ‘मला हालवेना’ दोघांनाही लागू पडतं, ‘ठेवलेली’ मानेबद्दल आहे. बोलणारी बाई धरून वाचलं तर दोन दमलेल्या बायकांमधला आधार दिसतो. पुरुष धरला तर वाचणारा क्षणभर सावध होतो, आणि मग ‘हालवेना’मधला संकोच जास्त ऐकू येतो. दोन्ही वाचनं कवितेला पेलतात.

तुमच्या कवितेत बोलणारा पुरुष आहे हे स्पष्ट असेल, तर झोपलेल्या अनोळखी बाईच्या रूपाचं वर्णन करू नका. केस आले, अत्तर आलं, की विषय एकटेपणावरून सरकला. डोक्याचं वजन एवढंच पुरे. ज्या प्रसंगावर लिहिता तो खरा असेल तर त्या व्यक्तीला ओळखता येईल असं काही ठेवू नका. गोव्यात बसमधलं माणूस कुणाच्या तरी नात्यातलं निघतंच.

१४. मुक्तछंदात सुनीत होतं का? पंधरा ओळी झाल्या तर?

वृत्ताशिवायही चौदा ओळींची आणि खऱ्या कलाटणीची कविता होऊ शकते, आणि कार्यशाळेत ती वाचली जाईल. पण पहिलं सुनीत वृत्तात करा. बंधन नसलं की कलाटणीच्या आधी थांबून विचार करायची वेळ येत नाही, ओळ हवी तितकी लांबते. मात्रावृत्तही चालेल. बोलण्यातल्या शब्दांना त्यात जास्त जागा मिळते, कारण ‘शहर’सारखे शब्द मात्रांत सहज मावतात.

पंधरावी ओळ आली असेल तर ती बहुधा शेवटची नसते, तिसरी किंवा चौथी असते. गर्दीच्या भागात एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे का ते पाहा. शीर्षक ओळींत धरत नाहीत, अष्टक आणि षटकामधली मोकळी ओळही धरत नाहीत.

१५. कार्यशाळेत सुनीत कसं वाचायचं? चालीवर म्हणायचं का?

चालीवर म्हणू नका. भुजंगप्रयात मनाच्या श्लोकांच्या चालीत ओढत नेतं आणि मग ऐकणाऱ्याला अर्थाऐवजी चालच ऐकू येते. वृत्त सांभाळा, पण वाक्य जिथे संपतं तिथे थांबा. आठव्या ओळीनंतर एक श्वास घ्या, नवव्या ओळीचा सूर चढवू नका. ‘आणि डोई’नंतर अगदी थोडं थांबून पुढे जा. शेवटची ओळ वाचताना आवाज हळू करायची सवय अनेकांना आहे, ती सोडा. ती ओळ पहिल्या ओळीच्याच आवाजात वाचा. दोन प्रती छापून आणा, एक वाचायला आणि दुसरी गटातल्या जोडीदाराला लघू-गुरूच्या खुणा करायला.